ओसी-एससी टेस्टचा व्हायवा : पहिल्या उत्तरानंतर काय विचारायचं?

प्राजक्ता_इले

नमस्कार. मी सोलापुरात एका इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल मशीन्स शिकवते. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आहे आणि यंदा इंटर्नल मीच आहे. सिंगल फेज ट्रान्सफॉर्मरची ओसी-एससी टेस्ट हा प्रयोग जवळजवळ निम्म्या मुलांच्या वाट्याला येतो, म्हणून त्याच्यापुरतंच विचारते.

आमचा ट्रान्सफॉर्मर १ केव्हीए, २३०/११५ व्होल्टचा आहे. जानेवारीत मुलांनी जर्नलमध्ये लिहिलेली रीडिंग अशी: ओसी टेस्ट एलव्ही बाजूने, ११५ व्होल्ट, ०.९ अँपिअर, ३० वॅट. एससी टेस्ट एचव्ही बाजूने, एलव्ही शॉर्ट करून, १२ व्होल्ट, ४.३५ अँपिअर, ४० वॅट.

अडचण अशी की व्हायवाच्या प्रश्नांची यादी सिनियर्सकडून ज्युनियर्सकडे फिरत असते. "ओसी टेस्ट कशासाठी?" म्हटलं की "आयर्न लॉस काढण्यासाठी, मॅडम" हे उत्तर प्रश्न संपायच्या आत येतं. त्यापुढे मी "मग या वॅटमीटरमध्ये कॉपर लॉस का नाही आला?" एवढंच विचारलं की समोर शांतता. मला मुलांना अडकवायचं नाहीये. पाठ केलेलं कुठे संपतं आणि समजलेलं कुठे सुरू होतं, एवढंच पाच-सात मिनिटांत कळायला हवं. पहिल्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न कसा काढता, ते अनुभवी लोकांनी सांगावं.

संकेत_टीई

मॅडम, मी मागच्या वर्षी हीच परीक्षा दिली. कॉपर लॉसचं उत्तर सोपं आहे. ओसी टेस्टमध्ये दुसरी बाजू उघडी असते, करंट वाहतच नाही, म्हणून कॉपर लॉस शून्य. मी हेच सांगितलं होतं आणि एक्स्टर्नल सरांनी पुढचा प्रश्न घेतला.

जुनी_प्रयोगशाळा

संकेत, उत्तराचा अर्धा भाग बरोबर आहे. उघड्या बाजूला करंट नाही हे खरं. पण ज्या बाजूने सप्लाय दिला तिथला अँमीटर ०.९ दाखवतोय ना? तो करंट तांब्यातूनच चाललाय. मग तिथे कॉपर लॉस शून्य कसा?

प्राजक्ता मॅडम, हाच तुमचा पुढचा प्रश्न. मुलगा "शून्य" म्हणाला की त्याला अँमीटरवर बोट ठेवायला लावायचं आणि म्हणायचं, आता किती ते काढ. लागणारी सगळी माहिती त्याच्याच वहीत असते. एससी टेस्टमधून एचव्ही बाजूचा एकूण रोध येतो सुमारे २.११ ओहम. तो एलव्हीकडे नेला की चौथाई होतो, आणि त्यातला साधारण निम्मा एलव्ही वाइंडिंगचा, म्हणजे पाव ओहमच्या आसपास. ०.९ चा वर्ग करून पाव ओहमने गुणला की ०.२ वॅट. वॅटमीटरवर ३० वॅट आहेत. तेव्हा "शून्य नाही, पण ३० मध्ये ०.२ आहे, काट्याला दिसणारही नाही" असं जो म्हणाला त्याला समजलंय. आकडा न काढता नुसतं "नगण्य आहे सर" म्हणणाऱ्याला मी लगेच विचारायचो, नगण्य म्हणजे किती?

माझी पद्धत एकच होती. व्याख्येचा प्रश्न विचारायचाच असेल तर दार उघडण्यापुरता. त्यानंतर समोरच्या जोडणीत एक गोष्ट बदलायची आणि विचारायचं, आता कुठल्या मीटरवर काय दिसेल? याचं उत्तर फिरत्या यादीत सापडत नाही, कारण ते त्या मुलाच्या त्या दिवशीच्या रीडिंगवर अवलंबून असतं.

उदाहरण देतो. "एससी टेस्ट एचव्ही बाजूने का?" याला "तिथे करंट कमी असतो" हे ठरलेलं उत्तर आहे आणि ते चुकीचं नाही. आता बदल करा. हीच टेस्ट एलव्ही बाजूने केली, एचव्ही शॉर्ट केली, तर वॅटमीटर किती दाखवेल? माझ्या अनुभवात बरीच मुलं दहा किंवा वीस वॅट म्हणतात, कारण त्यांच्या डोक्यात टर्न्स रेशोने भागायचं एवढंच बसलेलं असतं. थांबू द्या त्यांना. व्होल्टेज किती लागेल विचारा: १२ च्या निम्मं, ६. करंट किती: दुप्पट, ८.७. मग वॅट? तेच ४०. तिथे मुलाचा चेहरा बदलतो, आणि पुढचा प्रश्न तो स्वतःच विचारतो की मग इम्पीडन्स कसा बदलला. ६ भागिले ८.७ म्हणजे ०.६९, आणि आधी होता २.७६, म्हणजे चौथाई. रेफर करणं म्हणजे काय, हे त्याला त्या क्षणी समजतं.

आणि शेवटी, "मग एलव्ही बाजूने करायला हरकत काय?" इथे हाताने काम केलेला मुलगा ओळखू येतो. डिमरस्टॅट शून्य ते २७० व्होल्टचा, त्यावर ६ व्होल्ट नेमके लावायला जा म्हणजे कळतं. बोट जरा हललं की करंट कुठल्या कुठे जातो.

लूम_अक्कलकोट_रोड

सर, मी शिकलेला इंजिनीअर नाही, चादरीचा कारखाना आहे. धाग्याचं नाव ट्रान्सफॉर्मर बघून आलो. माझा प्रश्न वेगळा असेल तर माफ करा. रात्री सगळे माग बंद असतात तरी आमचा ट्रान्सफॉर्मर गुंगत असतो आणि हात लावला तर टाकी कोमट लागते. हा लॉस कोणी मोजायचा? लाइट बिलात येतो का? मॅडमना हे माहीत असेल तर सांगा.

जुनी_प्रयोगशाळा

माफी कसली, तुम्ही तर या धाग्याला सगळ्यात कामाचा प्रश्न दिलात. रात्री माग बंद असताना जो लॉस चालू राहतो तोच आयर्न लॉस, मुलं ओसी टेस्टमध्ये मोजतात तो. सप्लाय जोडलेला आहे तोवर तो दिवसरात्र तेवढाच राहतो. समजा तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा तो ३०० वॅट आहे, तर बारा तासांच्या रात्रीत ३.६ युनिट झाले. बिलात येतो की नाही हे मीटर कुठल्या बाजूला आहे त्यावर. ट्रान्सफॉर्मर तुमच्या मालकीचा असेल आणि मीटर त्याच्या आधी, हाय टेन्शन बाजूला असेल, तर तुम्हीच भरता. मीटर ट्रान्सफॉर्मरनंतर असेल तर नाही.

प्राजक्ता मॅडम, हे व्हायवात न्या. तुमच्या ट्रान्सफॉर्मरला सर्वाधिक एफिशियन्सी कुठे मिळते? ३० भागिले ४० चं वर्गमूळ, ०.८७, म्हणजे जवळपास ८७ टक्के लोडला. मग विचारा: दिवसा चालून रात्री बंद होणाऱ्या लूमला असा ट्रान्सफॉर्मर द्याल, की आयर्न लॉस कमी आणि कॉपर लॉस थोडा जास्त असलेला? सोलापूरच्या मुलाच्या घरात किंवा शेजारी माग असतोच. त्याला हा प्रश्न पुस्तकातला वाटत नाही.

पॉली_शिक्षक

मी डिप्लोमाला शिकवतो. वॅटमीटरवर एक प्रश्न सुचवतो. ओसीला एलपीएफ वॅटमीटर आणि एससीला यूपीएफ का? उत्तर: ओसीमध्ये पॉवर कमी असते म्हणून एलपीएफ, आणि एससीमध्ये पॉवर फॅक्टर एक असतो म्हणून यूपीएफ.

दुसरं म्हणजे, एवढे फाटे फोडले तर डिप्लोमाची मुलं घाबरून जे येतंय तेही विसरतात. एक्स्टर्नलला एका मुलामागे पाच मिनिटं मिळतात. ठरलेले दहा प्रश्न सगळ्यांना सारखे विचारले तर निदान न्याय तरी सारखा होतो.

जुनी_प्रयोगशाळा

सर, वॅटमीटरचं जरा तपासून बघू. प्राजक्ता मॅडमच्या रीडिंगमध्ये ओसीची पॉवर ३० आणि एससीची ४०. दोन्ही तशा जवळपासच. फरक पॉवर फॅक्टरचा आहे: ओसीमध्ये ३० ला ११५ आणि ०.९ च्या गुणाकाराने भागलं, म्हणजे ०.२९. एससीमध्ये ४० ला १२ आणि ४.३५ च्या गुणाकाराने भागलं, म्हणजे ०.७७. एक नाही. यूपीएफ हे मीटरवरचं नाव आहे, सर्किटमधला पॉवर फॅक्टर एकच असला पाहिजे असा त्याचा अर्थ नव्हे.

यातूनच पुढचा प्रश्न निघतो: ओसीला यूपीएफ मीटर लावला तर काय बिघडेल? १५० व्होल्ट, २.५ अँपिअरच्या रेंजला पूर्ण स्केल ३७५ वॅट. स्केलवर १५० घरं असतील तर एक घर अडीच वॅटचं, आणि ३० वॅटला काटा बाराव्या घरावर. अर्धं घर इकडेतिकडे वाचलं की सव्वा वॅटची चूक, म्हणजे चार टक्के. ०.२ च्या एलपीएफ मीटरवर तेच ३० वॅट साठाव्या घरावर दिसतात. मुलाला मल्टिप्लाइंग फॅक्टर पाठ असतो, पण तो कशासाठी हे या एका प्रश्नात कळतं.

सारख्या प्रश्नांच्या न्यायाबद्दल मात्र माझं तुमच्याशी जमत नाही. सारखे प्रश्न दुसऱ्या मुलापासून फुटतात. बाहेर कॉरिडॉरमध्ये उभ्या असलेल्या शेवटच्या मुलाला दहाही माहीत असतात. हा कुठला सारखेपणा?

पॉली_शिक्षक

पॉवर फॅक्टरचं मान्य, सर. न्यायाचं नाही. तुमच्यासारखा परीक्षक असेल तर ठीक. पण ज्याला विषय नीट येत नाही असा एक्स्टर्नल "मीटरवर काय दिसेल" विचारतो आणि त्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसतं, तेव्हा मूल मार खातं. हे मी पाहिलंय.

प्राजक्ता_इले

दोघांचेही आभार. आज सबमिशनच्या वेळी एका बॅचसोबत करून बघितलं. त्यात एक वेगळीच गोष्ट निघाली, ती सविस्तर सांगते.

एका मुलीने एससी टेस्ट पुन्हा लावली. यूपीएफ मीटर ७५ व्होल्ट, ५ अँपिअरच्या रेंजवर, म्हणजे इथेही एक घर अडीच वॅटचं. करंट ४.३५ वर आणला तर काटा साडेअठरा घरांवर. म्हणजे ४६ वॅट. व्होल्टमीटर १३ च्या किंचित वर. जर्नलमध्ये ४० आणि १२. ती सरळ ४० लिहायला निघाली होती, मी थांबवलं आणि म्हटलं, दिसतंय ते लिही आणि का वाढलं ते सांग.

आधी म्हणाली "मीटर एरर". मी विचारलं, मीटर चुकत असेल तर व्होल्टमीटर आणि वॅटमीटर दोघंही एकाच दिशेने का चुकले? त्यावर ती थांबली. हिच्या घरी तेलुगू बोलतात, कॉलेजात मराठी आणि पुस्तक इंग्रजीत. मी म्हटलं तुला सुचेल त्या भाषेत सांग. तिने मराठी-तेलुगू मिसळून सांगितलं की रोध वाढला असेल, कारण करंट तोच ठेवून दोन्ही वाढले. अगदी बरोबर. पण रोध कशाने वाढला, इथे आम्ही अडकलो. मी उन्हाळा म्हटलं. जानेवारीत लॅबमध्ये २५ अंश होते, आज ४० आहेत. पण सहा वॅट उन्हाने?

लॅब_असिस्टंट_विजापूर_रोड

मॅडम, एलव्ही शॉर्ट कशाने केली होती? आमच्याकडे बारीक लाल-काळ्या लीड असतात, त्यातली एखादी पोरं वापरतात. टेस्ट चालू असताना ती लीड हातात धरून बघा. गरम लागली तर वॅट तिथे जातायत. टर्मिनलची चकती ढिली असली तरी तेच होतं. आम्ही शॉर्ट करायला पितळेची पट्टी ठेवलीय.

जुनी_प्रयोगशाळा

मी हेच लिहायला बसलो होतो, तुम्ही आधी लिहिलंत, बरं झालं.

हिशोब करून बघू. पाऊण चौरस मिलिमीटरची दोन मीटर लीड साधारण ०.०५ ओहम असते. एवढंसं वाटतं, पण शॉर्ट केलेल्या बाजूला ८.७ अँपिअर आहेत. ८.७ × ८.७ × ०.०५ म्हणजे ३.८ वॅट. ते सरळ तुमच्या ४० मध्ये मिसळतात, आणि मूल त्याला ट्रान्सफॉर्मरचा कॉपर लॉस म्हणून लिहितं. शॉर्टच्या वाटेत अँमीटर घातला असेल तर त्याचाही रोध असाच जमा होतो.

आता ऊन. तांब्याचा रोध तापमानासोबत वाढतो. २५ वरून ४० अंशावर गेलं की साधारण पावणेसहा टक्के. ४० वॅटचे ४२.३ होतात. म्हणजे सव्वादोन वॅट उन्हाचे, पावणेचार लीडचे. बेरीज ४६ च्या आसपास. तुमचा काटा तिथेच आहे.

उद्या जाड वायर किंवा पट्टी लावून, चकत्या घट्ट करून पुन्हा घ्या. काटा सतराव्या घराजवळ, साडेबेचाळीस वॅटपाशी आला तर हिशोब जुळला. आणि त्या मुलीला मी पूर्ण मार्क देईन. जिथे रीडिंग जुळत नाही तिथला व्हायवा सगळ्यात चांगला होतो.

संकेत_टीई

सर, एक शंका. तापमान लॅबचं ४० आहे, पण वाइंडिंगचं किती? सकाळपासून तीन बॅचनी तोच ट्रान्सफॉर्मर चालवला असेल तर आतलं तांबं ४० पेक्षा गरम असणार. मग सगळेच ६ वॅट तापमानाचे असू शकतात ना?

जुनी_प्रयोगशाळा

शंका रास्त आहे. नुसत्या उष्णतेने ४० चे ४६ व्हायला रोध १५ टक्के वाढायला हवा. त्यासाठी तांबं २५ वरून ६४ अंशाच्या आसपास जायला लागेल. एससी टेस्ट दोन-चार मिनिटांची असते, तेवढ्यात एवढं होत नाही. पण आधीच्या बॅचने लोड टेस्ट घेऊन ट्रान्सफॉर्मर तापवला असेल तर अशक्यही नाही. खात्री करायची तर टेस्ट संपल्याबरोबर सप्लाय काढून डीसीने वाइंडिंगचा रोध मोजायचा आणि सकाळच्या थंड रोधाशी ताडून बघायचा. कॉलेजात कोणी करत नाही, पण करता येतं. त्यासाठीच ट्रान्सफॉर्मरच्या टेस्ट रिपोर्टमध्ये कॉपर लॉस ७५ अंशावर आणून देतात, नाहीतर दोन कारखान्यांचे आकडे एकमेकांशी ताडता आले नसते.

पॉली_शिक्षक

मॅडमनी मुलीला "दोन्ही एकाच दिशेने का चुकले" असं विचारलं, हा इशारा झाला. इशारा देऊन आलेल्या उत्तराला पूर्ण मार्क कसे? ज्याला कोणी इशारा दिला नाही त्याचं काय?

प्राजक्ता_इले

हा प्रश्न मलाही पडलाय. माझं मत असं की मी तिला दोन मीटरकडे बघायला लावलं, "रोध" हा शब्द माझ्या तोंडून आला नाही. तो तिचा. पण मार्क किती द्यायचे हे एक्स्टर्नलशी आधी बोलून ठरवावं लागेल, नाहीतर एकाच टेबलावर दोन मोजमापं होतील.

जुनी_प्रयोगशाळा

कुठे बघायचं ते सांगितलं तर मी मार्क कापत नसे, काय दिसतं ते सांगितलं तर कापत असे. पण पॉली सरांची शंका मोडीत काढता येत नाही. वीस मुलांच्या बॅचला सगळ्यांना सारखाच हात देणं मलाही दर वेळी जमलं असेल असं मी म्हणणार नाही.

एक सुरक्षेचा प्रश्न मात्र प्रत्येकाला विचारा, कच्च्या मुलालाही. एससी टेस्टला सप्लाय देण्याआधी डिमरस्टॅट शून्यावर का? "सेफ्टीसाठी" म्हणाला की पुढे: शून्यावर नसता आणि पूर्ण २३० बसले असते तर करंट किती? २३० भागिले २.७६, म्हणजे ८३ अँपिअर, रेटेडच्या एकोणीसपट. हे त्याला भागाकार करून स्वतः काढू द्या. एकदा स्वतःच्या हाताने ८३ लिहिलं की पुढच्या वेळी स्विचकडे जायच्या आधी हात आपोआप डिमरस्टॅटच्या मुठीकडे जातो.

लूम_अक्कलकोट_रोड

सर, सांगितल्याप्रमाणे बघितलं. मीटर ट्रान्सफॉर्मरच्या आधी आहे, म्हणजे आमच्याच बिलात. रविवारी माग पूर्ण बंद असतात, तेव्हा ट्रान्सफॉर्मर आधीच्या स्विचने काढून ठेवला तर चालतो का? वायरमन म्हणतो वारंवार काढू-घालू नका.

जुनी_प्रयोगशाळा

वायरमनचं ऐका. चालू करताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर रेटेडच्या कितीतरी पट करंट खेचतो, आणि हाय टेन्शनचा स्विच हाताळणं हे परवानाधारक माणसाचंच काम. शिवाय ऑफिस, पाण्याची मोटर, कॅमेरे त्याच ट्रान्सफॉर्मरवर असतील. फायदा किती ते ठरवायला आधी टेस्ट रिपोर्टमधला नो लोड लॉस बघा आणि इथे टाका, मग बोलू.

प्राजक्ता_इले

आज पट्टी लावून पुन्हा रीडिंग घेतलं. लीड खरंच गरम लागत होती, मुलांनी हात लावून पाहिली. पट्टी लावल्यावर काटा सतरा घरांच्या जरा वर, ४३ च्या आसपास. साडेबेचाळीसच्या वरचं जे आहे ते तापमानाचं की माझ्या वाचनाचं हे अडीच वॅटच्या घरावर सांगता येत नाही. ७५ व्होल्टच्या रेंजवर १२ व्होल्ट मोजतोय, काटा खालीच राहणार.

परीक्षेच्या तक्त्यात दोन रकाने वाढवलेत: टेस्टच्या वेळचं लॅबचं तापमान, आणि शॉर्ट कशाने केली. एक्स्टर्नल सरांशी फोनवर बोलले. रकान्यांना त्यांची हरकत नाही, इशाऱ्याच्या मार्कांवर ते परीक्षेच्या दिवशी सकाळी बोलू म्हणाले.